बदामी सोफा बॉटल ग्रीन करताना : कापडाची वीण राखण्याच्या कामाच्या नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

पुण्यातल्या एका फर्निचर कारखान्यासाठी कॅटलॉगचे काम आजपासून हाती घेतले आहे. तीन आसनी सोफ्याचे छायाचित्र एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात काढलेले असून त्यावरचे कापड बदामी रंगाचे, जाड धाग्याचे आणि साध्या विणीचे आहे. हाच सोफा कारखाना बॉटल ग्रीन कापडातही देतो, परंतु हिरवा सोफा तयार करून पुन्हा त्या घरी नेणे आणि पुन्हा छायाचित्रण करणे परवडणारे नाही. म्हणून रंग संगणकावर बदलायचा आहे, आणि अट एकच आहे: ताणा-बाणा जसा आता दिसतो तसा हिरव्या रंगातही दिसला पाहिजे.

खोलीची पाहणी करून अडचणीच्या जागा लिहून ठेवल्या. डावीकडे मोठी खिडकी आहे आणि तिचा उजेड सोफ्याच्या डाव्या हातावर तिरपा पडतो. मागची भिंत पांढरी आहे, पाय शिसवी आहेत आणि खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, ज्यांत सोफ्याचे पुसट प्रतिबिंब पडलेले आहे. उजव्या हातावर एक गोधडी टाकलेली आहे आणि तिच्या कडेचे टाके कापडाच्या अगदी लगत येतात.

कारखान्याने पाठवलेली फाइल मोबाइलवरून आलेली जेपीईजी होती. ती ४०० टक्के मोठी करून पाहिली तेव्हा विणीच्या जागी आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन दिसले आणि त्यांतल्या बहुतेकांत धागा उरलेलाच नव्हता. अशा फाइलमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाव्याने साठवलेली असते, त्यामुळे फिक्या बदामीवर हे चौकोन लपून राहतात आणि रंग गडद व भडक केला की वर येतात. पोत येथे आधीच गेलेला आहे आणि कोणत्याही पद्धतीने तो परत येणार नाही. छायाचित्रकाराकडे मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली फाइल, मागितली आहे.

७ फेब्रुवारी

रॉ फाइल मिळाली. तिचे पांढरे संतुलन खिडकीच्या उजेडाला धरून केले आणि एसआरजीबी रंगव्यवस्थेत १६ बिटची टिफ फाइल तयार केली. धार वाढवणे आणि नॉइज काढणे, दोन्ही बंद ठेवले, कारण नॉइज काढणारी सोय बारीक विणीलाच नॉइज समजते.

कारखान्याला लवकर काहीतरी पाहायचे होते, म्हणून नेहमीच्या तीन रीती एकामागून एक करून पाहिल्या. त्या का फसतात हे आकड्यांत मांडून ठेवतो, कारण पुढचे सगळे काम त्यावरच उभे आहे. मोजणीसाठी मधल्या आसनावरचा २०० बाय २०० पिक्सेलचा, सुरकुती नसलेला तुकडा निवडला. तेथे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलची सरासरी ० ते २५५ च्या मापावर अनुक्रमे १८६, १७२ आणि १५० आहे. हिरव्या चॅनेलमध्ये धाग्याचा उंचवटा आणि दोन धाग्यांमधली खाच यांमुळे हे मूल्य १७२ च्या वरखाली सुमारे ९ पायऱ्या हलते. ही ९ पायऱ्यांची हालचाल म्हणजेच डोळ्यांना दिसणारा पोत होय.

पहिली रीत म्हणजे सोफ्यावर साध्या मोडमध्ये हिरवा लेयर ठेवून त्याची अपारदर्शकता ८० टक्के करणे. यात मूळ चित्राचा फक्त पाचवा हिस्सा खालून दिसतो, म्हणून ९ पायऱ्यांच्या जागी जेमतेम २ उरतात. हा नमुना पाहून कारखान्याचे मालक फोनवर म्हणाले, "अहो, हे कापड नाही, रेक्झिन वाटतंय." त्यांचे निदान अचूक होते.

दुसरी रीत म्हणजे लेयरचा मोड 'रंग' असा ठेवणे, ज्यात छटा आणि रंगाचा भडकपणा नव्याने येतात पण उजेड मूळचाच राहतो. येथे वीण शाबूत राहिली, परंतु उजेड बदामी कापडाचाच राहिल्यामुळे सोफा बॉटल ग्रीनऐवजी पिस्ता रंगाचा झाला. फिक्या कापडावरून फिक्याच कापडाकडे जायचे असते तर ही रीत पुरेशी ठरली असती.

तिसरी रीत दुसऱ्याच रीतीची दुरुस्ती आहे: पिस्ता सोफ्याचा उजेड वजाबाकी करून खाली आणायचा. सगळ्या पिक्सेलमधून सारखाच आकडा वजा होत असल्यामुळे ९ पायऱ्यांची हालचाल तशीच राहते, पण आता ती १७२ वर नसून त्याच्या निम्म्यावर असते, म्हणजे प्रमाणाने दुप्पट होते. सोफ्याला गोणपाटाची कळा आली आणि सुरकुत्यांच्या तळाशी काळे डाग पडले. पोत बसका होण्याइतकीच ही चूक मोठी आहे, फक्त उलट्या दिशेची आहे.

८ फेब्रुवारी

कालच्या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली की राखायचे आहे ते पायऱ्यांचे अंतर नव्हे, तर प्रमाण. धाग्याचा उंचवटा खाचेपेक्षा जितक्या पट उजळ आहे, तितकाच पट तो हिरव्या कापडातही उजळ असला पाहिजे, कारण उजेड कसा पडतो हे धाग्याच्या आकारावर ठरते आणि त्यातला किती परत फेकला जातो हे रंगावर ठरते. या दोन गोष्टींचा गुणाकार होऊन कॅमेऱ्यात नोंद होते. म्हणून बदामी रंगाला भागून हिरव्या रंगाने गुणले की खोलीचा उजेड, सावली आणि वीण जागच्या जागी राहून फक्त कापड बदलायला हवे.

मात्र हा गुणाकार फाइलमधल्या आकड्यांवर थेट करून चालत नाही. फाइलमध्ये मूल्ये गॅमा लावून साठवलेली असतात, म्हणजे १०० हा आकडा ५० च्या दुप्पट उजेड दाखवत नाही. आधी ती मूल्ये रेषीय उजेडात, म्हणजे दुप्पट आकडा दुप्पट उजेड दाखवेल अशा मापात, आणायची, मग गुणायची आणि शेवटी परत गॅमा लावायचा, असा क्रम ठेवावा लागतो.

आता प्रश्न उरला तो कशाने गुणायचे याचा. शेड कार्डचे छायाचित्र काढून त्यातला हिरवा उचलणे हा सोपा मार्ग दिसतो, पण तो रंग त्या वेळच्या उजेडातला असतो, आपल्या खोलीतला नसतो. त्यामुळे कारखान्यातून दोन्ही कापडांचे तळहाताएवढे तुकडे मागवले आहेत. ते एकाच उजेडात शेजारी ठेवून छायाचित्र घेतले की दोघांचे गुणोत्तर मिळेल, आणि गुणोत्तरात उजेड वरून-खालून कटतो.

१० फेब्रुवारी

तुकडे आले. गच्चीच्या दाराजवळ, ऊन थेट येत नाही अशा जागी, दोन्ही तुकडे एकाच पुठ्ठ्यावर सपाट चिकटवले आणि धाग्याची दिशाही एकच ठेवली, कारण आडवा धागा आणि उभा धागा उजेड सारखा परत फेकत नाहीत. एकाच फ्रेममध्ये दोन्ही टिपले, नंतर तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा टिपले आणि दोन्ही मोजण्यांची सरासरी घेतली, जेणेकरून उजेड एका बाजूला किंचित जास्त असला तरी त्याचा परिणाम निघून जाईल. सरासरी रेषीय उजेडातच काढली.

बॉटल ग्रीन भागिले बदामी असे गुणोत्तर लालमध्ये ०.०५६, हिरव्यात ०.२१५ आणि निळ्यात ०.२०१ आले. आसनावरच्या मोजणीच्या तुकड्याला हे लावले तर १८६, १७२, १५० चे ४६, ८४, ७० होतात. शेड कार्डवरून डोळ्यांनी उचललेला रंग याहून बराच उजळ होता, म्हणजे तो घेतला असता तर सोफा उजळच राहिला असता. एक मर्यादा ध्यानात ठेवली आहे: हे गुणोत्तर दिवसाच्या उजेडातले आहे. खोलीत संध्याकाळचे पिवळे एलईडी दिवे असते तर तुकडेही तशाच दिव्याखाली टिपावे लागले असते.

११ फेब्रुवारी

दिवसभर मास्क केला, म्हणजे चित्रातले कापड तेवढे वेगळे निवडले. बाह्यरेषा गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पाथने आखल्या आणि कडेला सुमारे दीड पिक्सेल मऊपणा दिला, कारण मूळ छायाचित्रातही भिंत आणि सोफा यांच्यामधला बदल तितक्याच पिक्सेलमध्ये होतो. मऊपणा याहून जास्त दिला तर हिरवा रंग भिंतीवर सांडतो आणि कमी दिला तर सोफा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. गोधडीचे टाके हाताने सोडवले. त्यात सकाळ गेली, आणि त्याविषयी सांगण्यासारखे दुसरे काही नाही.

१२ फेब्रुवारी

गुणाकाराची पहिली फेरी पायथॉनमध्ये चालवली. हे गिंपमध्येही ३२ बिट रेषीय प्रिसिजन ठेवून गुणाकाराच्या लेयरने होते, परंतु गुणोत्तराचे आकडे पुढे वारंवार बदलावे लागतील म्हणून कोड सोयीचा वाटला. कोडमध्ये वापरलेली ओपनसीव्ही ही लायब्ररी चॅनेलचा क्रम निळा, हिरवा, लाल असा ठेवते, त्यामुळे गुणोत्तरांच्या `k` मधला क्रमही तसाच लिहिला आहे.

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("sofa.tif", cv2.IMREAD_UNCHANGED)
img = img.astype(np.float32) / 65535
m = cv2.imread("mask.png", 0).astype(np.float32)[..., None] / 255
lin = np.where(img <= 0.04045, img / 12.92,
               ((img + 0.055) / 1.055) ** 2.4)
k = np.array([0.201, 0.215, 0.056], np.float32)
out = lin * (1 - m) + lin * k * m
res = np.where(out <= 0.0031308, out * 12.92,
               1.055 * out ** (1 / 2.4) - 0.055)
cv2.imwrite("sofa_green.tif", (res * 65535 + 0.5).astype(np.uint16))
```

मोजणीच्या तुकड्यात हिरव्या चॅनेलची सरासरी ८४ आली आणि हालचाल सुमारे ५ पायऱ्यांची. म्हणजे पायऱ्या कमी झाल्या, पण रेषीय उजेडात मोजलेले विचलन भागिले सरासरी हे प्रमाण आधीही १२ टक्के होते आणि आताही १२ टक्केच आहे. लाल चॅनेलमध्ये १० पायऱ्यांच्या जागी ३ उरल्या आहेत. १६ बिटमध्ये या तीन पायऱ्यांच्या आत पुष्कळ बारीक मूल्ये असतात. हेच काम मी ८ बिटमध्ये केले असते तर लाल चॅनेल पाच-सहा पट्ट्यांत तुटला असता आणि सावलीत हिरव्या-तपकिरी छटांचे नकाशासारखे डाग दिसले असते. खातरजमा म्हणून केवळ लाल चॅनेल वेगळा उघडून पाहिला. त्यात वीण सलग दिसते.

मात्र दोन दोष उरले. पहिला कडेचा आहे. मागच्या पांढऱ्या भिंतीलगत सोफ्याभोवती पुसटशी काळपट रेघ आली आणि शिसवी पायांजवळ त्याच्या उलट, फिकट रेघ आली. एकाच मास्कमुळे दोन विरुद्ध दोष कसे येतात हे सुरुवातीला कळेना. कागदावर गणित केल्यावर उलगडा झाला: कडेच्या पिक्सेलमध्ये निम्मे कापड आणि निम्मी भिंत मिसळलेली असते, पण माझा कोड त्या पूर्ण मिश्रणाला गुणतो. शेजारी कापडापेक्षा उजळ वस्तू असेल तर ती नाहक काळवंडते. शेजारी कापडापेक्षा गडद वस्तू असेल तर मिश्रणातले बदामी कापड पुरते गडद होत नाही. त्यामुळे भिंतीच्या बाजूला मास्क अर्धा पिक्सेल आत घेतला आणि पायांच्या बाजूला एक पिक्सेल बाहेर ढकलला. रेघा गेल्या.

दुसरा दोष डाव्या हाताचा आहे. खिडकीचा उजेड जिथे तिरपा पडतो तिथे कापड निर्जीव, धूळ बसल्यासारखे दिसते. प्रमाण तर १२ टक्केच आहे, मग वीण मेलेली का वाटते, हे उद्या पाहायचे.

१४ फेब्रुवारी

कालचा दिवस दोन्ही तुकडे खिडकीशी धरून फिरवून पाहण्यात गेला, आणि तो वाया गेला नाही. कापडावरून परतणारा उजेड दोन प्रकारचा असतो. बहुतांश उजेड धाग्याच्या आत शिरून रंगून बाहेर येतो. थोडा उजेड धाग्याच्या पृष्ठावरूनच परततो आणि तो रंगत नाही, खिडकीच्या रंगाचाच राहतो. गुणाकार या दोघांत भेद करत नाही आणि पृष्ठावरच्या झिलईलाही हिरवी व गडद करून टाकतो.

बदामी कापडावर ही झिलई जाणवत नाही. रेषीय मापात कापडाचा उजेड ०.४१ असेल आणि झिलईची भर ०.०३ असेल, तर ती सात टक्क्यांच्या आसपास येते. हिरव्या कापडाचा स्वतःचा उजेड मात्र ०.०९ च्या खाली आहे, त्यामुळे तीच ०.०३ ची भर तेथे एक तृतीयांश होते. खऱ्या हिरव्या तुकड्यावर तिरप्या उजेडात धाग्यांचे माथे राखाडी चमकतात, ते यामुळेच. माझ्या चित्रात ही भर ०.००६ पर्यंत घसरली होती.

म्हणजे झिलई आधी वेगळी काढायची, उरलेले गुणायचे आणि मग झिलई न रंगवता परत मिळवायची. ती वेगळी ओळखण्यासाठी बदामी रंगाचाच उपयोग झाला. या कापडात रेषीय लाल ०.४९१ आणि निळा ०.३०५ असतो, सावलीत दोन्ही सारख्या प्रमाणात घटतात, म्हणून त्यांतला फरकही त्याच प्रमाणात घटतो. झिलई मात्र दोघांत सारखीच मिळते, त्यामुळे फरकात तिचा हिशेब लागत नाही. तेव्हा फरकावरून कापडाचा स्वतःचा उजेड कळतो आणि तो लालमधून वजा केला की झिलई हाती येते.

```python
def soft(x):
    return cv2.GaussianBlur(x, (0, 0), 12)

w = np.maximum(soft(m[..., 0]), 1e-3)[..., None]
b = soft(lin * m) / w
s = (b[..., 2] - b[..., 0]) / (0.491 - 0.305)
g = np.clip(b[..., 2] - 0.491 * s, 0, 0.04)[..., None]
out = lin * (1 - m) + (np.clip(lin - g, 0, None) * k + g) * m
```

बदामी रंगात लाल-निळ्याचा फरक मुळातच थोडा असल्यामुळे प्रत्येक पिक्सेलवर हा हिशेब केला तर नॉइजच झिलई म्हणून वर येते. म्हणून तो १२ पिक्सेलच्या अस्पष्ट प्रतीवर केला. पहिल्या प्रयत्नात ही अस्पष्ट प्रत पूर्ण चित्राची घेतली होती, तेव्हा शेजारची पांढरी भिंत तिच्यात मिसळली आणि सोफ्याच्या कडेने पांढुरकी झाक आली. आता अस्पष्टता फक्त मास्कच्या आतल्या पिक्सेलची घेतली जाते, `w` ने भागण्याचे कारण ते. झिलईला ०.०४ ची मर्यादाही घातली आहे, कारण गोधडीजवळ तिच्या रंगाचा परावर्तित उजेड कापडावर पडतो आणि हिशेब तेथे चुकतो.

डावा हात जिवंत झाला. कापड रेशमी किंवा मखमली असते तर मात्र एवढ्यावर भागले नसते, कारण मखमलीत उजेड लवेच्या दिशेनुसार बदलतो आणि झिलई १२ पिक्सेलच्या अस्पष्टतेत मावत नाही.

१५ फेब्रुवारी

टाइल्सवरचे प्रतिबिंब राहिलेच होते. वर हिरवा सोफा आणि खाली बदामी सोफ्याची सावली, हा दोष पाहणाऱ्याला नेमका सांगता येत नाही, पण खटकतो. टाइल्सचा स्वतःचा रंग आणि प्रतिबिंब यांची बेरीज तेथे झालेली असल्यामुळे पूर्ण गुणाकार करता येत नाही. प्रतिबिंबाच्या पट्ट्यावर वेगळा मास्क केला, पायांशी ३५ टक्के आणि कॅमेऱ्याकडे येताना शून्यावर उतरणारा. कॅमेऱ्याकडे येताना नजर फरशीवर अधिक उभी पडते आणि प्रतिबिंब तितके क्षीण होत जाते. हे ३५ टक्के मोजून आलेले नाहीत, डोळ्यांना पटले ते ठेवले. मागच्या भिंतीच्या खालच्या भागावरची बदामी झाक त्याच रीतीने हलकेच उतरवली.

१९ फेब्रुवारी

कारखान्याने त्याच बॉटल ग्रीन कापडाची उशी शिवून पाठवली. छायाचित्रकाराने ती त्याच घरी, त्याच सोफ्याच्या मधल्या आसनावर ठेवून, सकाळच्या त्याच सुमारास टिपली. आता तुलनेला खरे कापड मिळाले आहे.

रंगात फरक जवळपास नाही. पोतात आहे: उशीवर विचलनाचे प्रमाण १४ टक्के भरले, माझ्या चित्रात १२. उशीवर खाचा अधिक खोल दिसतात. याचे कारण असे की बदामी कापडात एका धाग्यावरून परतलेला उजेड शेजारच्या धाग्यावर पडून खाच भरून काढतो, तर गडद कापडात तो दुसऱ्या उसळीआधीच शोषला जातो. फिके कापड स्वतःच्या सावल्या पुसते, गडद कापड पुसत नाही. गुणाकाराने बदामीतल्या पुसलेल्या सावल्याच हिरव्यात आणल्या होत्या. फिक्याकडून गडदाकडे जाताना पोत आहे तेवढाच राखला तरी तो किंचित बसका दिसतो, हे मला या कामाआधी ठाऊक नव्हते.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक पिक्सेलला त्याच्या आसपासच्या, मास्कच्या आतल्याच, अस्पष्ट मूल्याने भागले की विणीचे प्रमाण वेगळे निघते; त्याचा १.१५ वा घात घेऊन ते पुन्हा त्याच अस्पष्ट मूल्याने गुणले. झिलई वजा केल्यानंतर आणि रंगाने गुणण्यापूर्वी ही पायरी घातली. नव्या मोजणीत प्रमाण १३.८ टक्के आले. १.३ घातही लावून पाहिला, तेव्हा पाठीच्या सावलीतल्या भागात धाग्याऐवजी सेन्सरचा नॉइज उठून आला, म्हणून १.१५ वरच थांबलो.

२१ फेब्रुवारी

उशी चित्रात ठेवून आणि न ठेवून, अशा दोन प्रती छापून कारखान्यात नेल्या. शिवणकाम पाहणाऱ्या कारागिरांनी उशीची कड कुठे संपते ते बोटाने दाखवले, पण ते पाइपिंगच्या शिवणीवरून. मालकांनी उजव्या हाताखालची एक सुरकुती जास्त काळी असल्याचे सांगितले. ती मूळ छायाचित्रातही तितकीच काळी आहे, तरी त्या जागी घात १.० केला आणि अंतिम टिफ आजच सुपूर्द केली. निळ्या कापडाचे तुकडे त्यांनी सोबत दिले आहेत. पुठ्ठ्यावर बदामीशेजारी चिकटवून उद्या सकाळी टिपायचे.